हरवलेला आकडा (८) : सत्तावीस नंबरची पावती

एकाच वेळी दोन आकडे गहाळ असले तर काय करायचं, हे आज सांगेन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण सदाशिव पेठेतल्या एका गणेश मंडळाच्या खजिनदारांनी मधेच गाठलं. गेला भाग वाचून त्यांनी सूत्र लगेच आपल्या वर्गणीच्या वहीला लावलं आणि उत्तर आलं ते असं, की त्यांना वाटलं सूत्रच चुकलंय.

प्रकार असा. वर्गणीचं पावतीपुस्तक शंभर पावत्यांचं, क्रमांक १४०१ ते १५००. पुस्तक सोडवून वीस-वीस पावत्या पाच कार्यकर्त्यांत वाटलेल्या. पैसे जसे जमा होतील तशी वहीत नोंद : पावती क्रमांक, नाव, रक्कम. त्यामुळे वहीत क्रमांकांची सरमिसळ. १४६२ च्या खाली १४०९, त्याखाली १४८८. विसर्जनाचा शीण उतरल्यावर हिशेब पुरा करायला बसले, तेव्हा एक पावती नोंदवायची राहिलीय असा संशय आला. गेल्या भागात सांगितल्याप्रमाणे खजिनदारांनी प्रत्येक क्रमांकातून १४०० वजा केले आणि उरलेल्यांची बेरीज मारली. १ ते १०० ची बेरीज १०० गुणिले १०१ भागिले २, म्हणजे ५०५० यायला हवी. वहीतली आली ५०२३. फरक २७. म्हणजे १४२७ नंबरची पावती गहाळ, असं धरून त्यांनी वही चाळली, तर १४२७ तिथे मांडी घालून बसलेली! नाव आहे, रक्कम आहे, स्थळप्रतही जागेवर आहे.

बेरीज दोनदा तपासली म्हणाले. मी विचारलं, ‘ओळी किती आहेत?’ मोजून सांगतो म्हणाले आणि थोड्या वेळानं परत फोन केला. ओळी शंभर होत्या.

इथेच गाठ आहे. एकच आकडा गहाळ असेल आणि बाकी सगळे एकेकदाच आले असतील, तर ओळी नव्याण्णव हव्यात. बेरजेच्या वजाबाकीतून हरवलेला आकडा सरळ हातात पडतो तो फक्त या अटीवर. ही अट सूत्रात कुठे लिहिलेली नसते, म्हणून बेरजेच्या आधी मोजणी करायची. माझं तर म्हणणं असं, की ओळी न मोजता केलेल्या बेरजेवर विश्वासच ठेवू नये. ओळी शंभर असूनही बेरीज जुळत नसेल, सगळे क्रमांक याच पुस्तकातले असतील आणि चूक एकच असेल, तर कुठलातरी क्रमांक दोनदा आलाय आणि त्याच्या जागेचा दुसरा आलेलाच नाही. मग २७ हा हरवलेला आकडा राहत नाही. हरवलेल्यातून दुबार आलेला वजा केला, की २७ उरतात, एवढीच माहिती आपल्याकडे असते.

अशा जोड्या किती? दुबार १ असेल तर हरवलेला २८, दुबार २ तर २९, असं करत दुबार ७३ आणि हरवलेला १०० पर्यंत. त्र्याहत्तर जोड्या. बेरीज एकटी याहून पुढे नेत नाही.

जुने हिशेबनीस मात्र इथे गप्प बसले नसते. फरकाला नवानं निःशेष भाग जातो का, हे ते आधी पाहतात. जात असेल तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय. कारण साधं आहे. दशकाचा अंक आणि एककाचा अंक उलटे लिहिले, तर दशकाचा अंक दहापटीवरून एकपटीवर येतो आणि एककाचा एकपटीवरून दहापटीवर जातो. म्हणजे फरक नेहमी त्या दोन अंकांमधल्या फरकाच्या नऊपट. आपल्याकडे फरक २७, म्हणजे नऊ गुणिले तीन. दशक एककापेक्षा तीनानं मोठं असलेले आकडे सातच आहेत : ३०, ४१, ५२, ६३, ७४, ८५, ९६. यातला एखादा उलटा लिहिला गेला असेल, तर ०३, १४, २५, ३६, ४७, ५८, ६९ यांपैकी एक वहीत दोनदा सापडेल. त्र्याहत्तर जोड्यांवरून सातांवर आलो. पण हा नुसता संशय झाला. दुसऱ्याच कारणानं चूक झाली, तरी नवांतून एखाद्या वेळी फरकाला नवानं भाग जाणारच.

नक्की उत्तर हवं असेल तर आणखी एक माहिती लागते, आणि ती कुठून आणायची हे लीलावतीत आहे. आज मला खरं तर यावरच बोलायचं होतं. खजिनदारांच्या वहीचं निमित्त झालं.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात १ पासून ओळीनं येणाऱ्या आकड्यांच्या बेरजेचा नियम आहे, तो या लेखमालेच्या वाचकांना पाठ झालाय. त्यालाच लागून वर्गांच्या बेरजेचा नियमही दिलाय : पदांची दुप्पट करून एक मिळवा, तीनानं भागा आणि साध्या बेरजेनं गुणा. शंभरासाठी २०१ भागिले ३ म्हणजे ६७, गुणिले ५०५०, म्हणजे ३,३८,३५०. ग्रंथात बरंच आधी, अगदी वेगळ्याच प्रकरणात, आणखी एक जोडगोळी बसलीय. पहिला नियम संक्रमण : दोन राशींची बेरीज आणि फरक माहीत असतील तर त्या राशी काढा. बेरीज १०१ आणि फरक २५ दिले, तर ६३ आणि ३८. दुसरा त्याच्याच पाठोपाठ येतो : दोन राशींचा फरक आणि त्यांच्या वर्गांचा फरक माहीत असेल, तर वर्गांच्या फरकाला राशींच्या फरकानं भागा, बेरीज मिळेल, मग संक्रमण करा. तिथलं उदाहरण फरक ८ आणि वर्गांचा फरक ४०० असं आहे. ४०० भागिले ८ म्हणजे ५०. पन्नासात आठ मिळवून निम्मे केले की २९, वजा करून निम्मे केले की २१.

वर्गणीची वही भास्कराचार्यांच्या डोळ्यासमोर असण्याचं कारण नव्हतं. पण एक क्रमांक दुबार आणि एक गहाळ हा प्रश्न म्हणजे तंतोतंत तो दुसरा नियम आहे. फरक आपल्याला साध्या बेरजेनं दिला. वर्गांचा फरक वर्गांच्या बेरजेनं मिळेल. हे दोन नियम आणि वर्गांची बेरीज इतक्या दूर ठेवलेल्या आहेत, की वाचणारा सहसा एकत्र आणत नाही. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटण गावी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला, तसा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्या मठातल्या एखाद्या विद्यार्थ्यानं ही सांगड घातली असेल, असं मला उगाच वाटत राहतं.

शंभर वर्ग हातानं मांडायची सक्ती मी खजिनदारांवर केली नाही. त्यांच्या मुलीनं वहीतले शंभर क्रमांक, १४०० वजा करून, एक्सेलच्या पहिल्या रकान्यात भरले आणि खाली तीन सूत्रं टाकली :

```
=COUNT(A1:A100)
=SUM(A1:A100)
=SUMSQ(A1:A100)
```

फोनवर मला तीनच आकडे सांगितले : १००, ५०२३ आणि ३,३५,०८३. वही मी पाहिलेली नव्हती आणि पाहायची गरजही नव्हती. वर्गांचा फरक ३,३८,३५० वजा ३,३५,०८३, म्हणजे ३,२६७. त्याला २७ नं भागलं की १२१. म्हणजे हरवलेला आणि दुबार मिळून १२१, आणि दोघांतला फरक २७. संक्रमण करा : १२१ अधिक २७ म्हणजे १४८, निम्मे ७४. १२१ वजा २७ म्हणजे ९४, निम्मे ४७. १४७४ वहीत नाही आणि १४४७ दोनदा आहे. नवाच्या संशयानं काढलेल्या सातांमधली पाचवी जोडी.

एक्सेलमध्ये आकडे भरलेच होते तर चढत्या क्रमानं लावून बघता आलं असतं, असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. सगळी यादी हाताशी असेल तर तेच करावं. बेरजेचा उपयोग तिथे, जिथे यादी आपल्यासमोर नाही, किंवा क्रमांक एकदाच कानावरून जाणार आहेत आणि लिहून ठेवायला जागा नाही. मग जवळ फक्त दोन चालत्या बेरजा आणि ओळींची गिनती ठेवायची.

आता या उत्तरानंतरचं काम. गणितानं ४७ दुबार आहे एवढं सांगितलं, दोनांतली चुकीची ओळ कोणती हे सांगितलं नाही. ते नावांवरून कळतं. १४४७ च्या दोन ओळींत दोन वेगळी नावं असतील, तर एकीत क्रमांक उलटा पडलाय, पैसे बरोबरच जमा आहेत. तीच व्यक्ती आणि तीच रक्कम दोनदा असेल, तर मामला गंभीर : एक रक्कम वहीत जास्त दिसते आणि १४७४ चे पैसे कुणाच्या तरी खिशात किंवा ड्रॉवरमध्ये राहिलेत. या मंडळात नावं वेगळी निघाली. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात हिशेब द्यायच्या आत क्रमांक दुरुस्त झाला.

खजिनदारांनी शेवटी बरोबर जागी बोट ठेवलं. ‘मोजणी, बेरीज, वर्गांची बेरीज, तिन्ही जुळले तर वही चोख समजायची ना?’ नाही. १, ५ आणि ६ घ्या : बेरीज १२, वर्गांची बेरीज १ अधिक २५ अधिक ३६, म्हणजे ६२. आता २, ३ आणि ७ घ्या : बेरीज १२, आणि ४ अधिक ९ अधिक ४९ पुन्हा ६२च. एखाद्या वहीत १, ५, ६ नोंदवायचे राहिले आणि त्यांच्या जागी २, ३, ७ दुसऱ्यांदा आले, तर तिन्ही कसोट्यांवर वही स्वच्छ दिसेल. हे घडणं दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही. एक दुबार आणि एक गहाळ एवढीच चूक असेल, तोवर मात्र दोन बेरजा कधीच फसवत नाहीत, कारण फरक शून्य झाला तर ते दोन आकडे एकच ठरतील.

दोन गहाळ आकड्यांचा प्रश्न पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर हे करून बघा. दुसऱ्या एका पुस्तकाची वही : ओळी १००, क्रमांक १ ते १०० मधलेच, एक दुबार आणि एक गहाळ, बेरीज ५०५९, वर्गांची बेरीज ३,३९,३८५. या वेळी बेरीज जास्त भरलीय, तेव्हा दुबार आलेला मोठा असणार. फरक नऊ दिसतोय म्हणून लगेच अंक उलटे करायला धावू नका, आधी भागाकार करा.