चारचौघांतल्या आरोपाची माफी

पक्षिनिरीक्षकांच्या एखाद्या गटातला हा प्रसंग कल्पून पाहा. मासिक बैठकीत एका तरुणाने नवरंगाचा सुरेख फोटो दाखवला. पक्षी उघड्या फांदीवर, मान वर करून शीळ घालतोय. गटातल्या जुन्या जाणत्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रेकॉर्डिंग लावून बोलावलेला दिसतोय. असले फोटो प्रदर्शनात नकोत."

आरोप साधा नव्हता. विणीच्या काळात मोबाइलवर आवाज लावला की नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरलाय. मग तो खाणंपिणं, घरटं सोडून त्याला हुसकवायला धावतो. त्यामुळे पक्षिमित्रांमध्ये असा ठपका बसला की माणसाचा फोटोच नव्हे, नावही बाद होतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर आलेला नवरंग पहाटे आणि तिन्हीसांजेला आपणहूनच शिळा घालतो. तरुण पहाटेपासून तिथे गप्प बसून होता आणि सोबतच्या मित्राने काढलेल्या व्हिडिओत ते स्पष्ट दिसत होतं. बाईंना तो दुसऱ्या दिवशी पाहायला मिळाला.

अशा वेळी पहिला मसुदा बहुधा असा होतो: "माझ्या बोलण्याने कुणी दुखावलं असेल तर क्षमस्व. पण हल्ली असे प्रकार फार वाढलेत, त्यामुळे मला शंका आली." यातल्या 'असेल तर'मुळे दुखावलं की नाही हेच अनिश्चित राहतं. 'पण'नंतरचं वाक्य तर आरोपाला पुन्हा जागा देतं. ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी असेलच.

बाईंनी आधी तरुणाला फोन केला आणि पुढच्या बैठकीत, त्याच लोकांसमोर, त्याच्याकडे बघून सांगितलं: "तू रेकॉर्डिंग लावून नवरंग बोलावलास, असं मी गेल्या बैठकीत म्हणाले. ते खरं नव्हतं. तुला न विचारता मी बोलले, ही माझी चूक. तुझी माफी मागते. तुझा फोटो प्रदर्शनात घ्यावा, असं मी आयोजकांना कळवलं आहे."

मला यातलं दुसरं वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं, कारण तरुणाचं नाव त्यानेच धुऊन निघतं. शेवटचं वाक्य झालेलं नुकसान भरून काढतं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी यांनी सहकाऱ्यांसह 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही माफीच्या सहा घटकांत जबाबदारी घेणं सर्वांत प्रभावी ठरलं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. 'मला क्षमा करा' ही विनंती सर्वांत कमी उपयोगी ठरली.

बाईंना शंका का आली, हे त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलं असतं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. तरुण त्यावर काहीच बोलला नाही, तर तेही चालवून घ्यायचं. त्याच्याकडून 'जाऊ द्या' वदवून घ्यायला पुन्हा बोलायला जायचं नाही. रेकॉर्डिंगबद्दल गटाने नियम करावा, असं बाईंना अजूनही मनापासून वाटत असेल, तर तो विषय त्यांनी महिना-दोन महिन्यांनी, या फोटोचं नाव न काढता मांडावा.