स्मरणपत्राची भाषा

निवडणूक जाहीर झाली, की शिक्षक व कारकून यांच्या हाती नेमणुकीचा आदेश पडतो आणि त्यापाठोपाठ प्रशिक्षणाची तारीख. 20 नोव्हेंबर 2024 रोजी झालेल्या विधानसभेच्या मतदानापूर्वीही हेच घडले. गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण राधानगरी मतदारसंघात येते. डोंगरकपारीतल्या दोनशिक्षकी शाळेपासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत सर्वांनाच हे प्रशिक्षण बंधनकारक असते. पहिली फेरी आटोपल्यावर हजेरीपटावर काही नावांसमोर जागा कोरी राहते आणि मग स्मरणपत्र निघते.

या स्मरणपत्राचा साचा ठरलेला आहे. ‘आपणांस कळविण्यात येते की, प्रशिक्षणास अनुपस्थित राहिल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 मधील कलम 134 अन्वये कारवाई करण्यात येईल, याची गांभीर्याने नोंद घ्यावी.’ वाक्यात कर्ता नाही, कारण नाही, आणि कुठे जायचे तेही नाही. (हे कलम उघडून पाहिले, तर त्यात पाचशे रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आढळते, तीही पुरेसे कारण नसताना कर्तव्यात कसूर करणाऱ्यासाठी.) एखाद्या बेफिकिरासाठी लिहिलेले हे वाक्य सरसकट सर्वांना पाठविले जाते. ज्यांनी प्रशिक्षण पूर्ण केले, त्यांनाही ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर वाचावे लागते. मग पुढचे पत्र आले, की कोणी ते उघडतही नाही.

वस्तुतः लेखणी हाती घेण्याआधी हजेरीपट वाचायला हवा. कोरी राहिलेली नावे एका जातीची नसतात. कोणाची बदली झालेली असते आणि आदेश जुन्याच शाळेच्या टेबलावर पडून असतो. कोणी आजारी रजेवर असतो. कोणाचे नाव दोन विभागांनी दोनदा कळविलेले असते. पाटगावच्या बाजूच्या एखाद्या वाडीतल्या शिक्षकाला सकाळची एसटी चुकली, की दहाची वेळ गाठणे अशक्य होते. या सगळ्यांना वगळल्यावर जे उरतात, त्यांतही बरेचसे ‘मागच्या वेळी केलेच होते’ अशा समजुतीचे असतात. ही समजूत दूर करणे हेच स्मरणपत्राचे खरे काम, आणि धमकीने ते होत नाही.

त्यासाठी कारण सांगावे लागते. मतदान सुरू होण्यापूर्वी दीड तास अभिरूप मतदान घ्यायचे असते. त्यात उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते टाकायची, मतदान बंद करून निकाल पाहायचा, आणि मग नियंत्रण यंत्रातील ती मते पुसून टाकायची. व्हीव्हीपॅटच्या पेटीतील चिठ्ठ्याही काढून, शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात बंद करायच्या. घाईगर्दीत मते पुसण्याची पायरी राहिली, तर खऱ्या मतांत ही पन्नास मिसळतात. यंत्रातील एकूण आकडा आणि केंद्राध्यक्षाने नमुना 17 ग मध्ये लिहिलेला आकडा जुळत नाहीत. तेव्हा वर्षानुवर्षे काम केलेल्या अनुभवी माणसालाही जबाब द्यावा लागतो. प्रशिक्षणाचा आणखी एक लाभ थेट त्याच्या पदरात पडतो: टपाली मतदानासाठीचा नमुना 12 तिथेच भरून घेतात. तो राहिला, तर दिवसभर इतरांचे मतदान करवून घेणाऱ्याचे स्वतःचे मत वाया जाते.

समजा, दुसरी फेरी गुरुवारी आहे. सोमवारी, फक्त उरलेल्यांना, प्रत्येकाच्या नावाने असे लिहिता येईल:

‘सप्रेम नमस्कार. मतदान पथकाच्या पहिल्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर आपली स्वाक्षरी आढळली नाही. ती नजरचुकीने राहिली असल्यास कृपया कळवावे. पुढील व शेवटचे प्रशिक्षण गुरुवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात आहे. अभिरूप मतदानानंतर मते पुसण्याचा सराव प्रत्येकाच्या हातून करून घेण्यात येईल, आणि टपाली मतदानाचा अर्जही तेथेच भरता येईल. मतदार ओळखपत्र सोबत आणावे. वेळेवर पोहोचण्यात अडचण असल्यास निवडणूक शाखेस उद्या सायंकाळपर्यंत दूरध्वनी करावा.’

यातील ‘आढळली नाही’ हा शब्दप्रयोग हेतुपुरस्सर आहे. त्यात चूक कार्यालयाची असण्याला वाव राहतो, आणि ती अनेकदा असतेच. ‘शेवटचे’ हा शब्द मात्र गाळता कामा नये. सौजन्याच्या नादात मुदतच पुसट झाली, तर वाचणाऱ्याचेच नुकसान होते. याच पत्राखाली कलमाचा उल्लेख चिकटविण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण शेवटची ओळच लक्षात राहते आणि आधीचे सौजन्य फुकट जाते.

बुधवारी सकाळी ज्यांचे उत्तर नाही, त्यांना पुन्हा पत्र नको. मुख्याध्यापकांमार्फत किंवा थेट दूरध्वनी करावा. पत्र मुळात पोहोचलेच नव्हते, हे अनेकदा याच वेळी उघडकीस येते. गुरुवारनंतरही कारण न कळविता गैरहजर राहणाऱ्यास कारणे दाखवा नोटीस द्यावीच लागते. मृदू भाषेने कायदा शिथिल होत नाही. पण तेव्हा नोटिशीसोबत सोमवारच्या पत्राची प्रत आणि बुधवारच्या दूरध्वनीची नोंद जोडता येते. ज्या कचेरीने पहिल्याच दिवशी सर्वांवर कलम 134 उगारले, तिच्या फाइलीत यांपैकी काहीच नसते, आणि ‘आदेश मिळाला नाही’ एवढ्या एका ओळीच्या खुलाशावर नोटीस मागे घ्यावी लागते.