कास की मालवण?

२०२६ मध्ये २ ऑक्टोबर शुक्रवारी येतोय, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. पुण्यातल्या एखाद्या घरात आतापासूनच दोन नावं निघाली असतील: कासचं पठार आणि मालवण. दोन्ही हवीहवीशी वाटतात, म्हणूनच घोळ होतो. हवामान, गर्दी, खर्च आणि अंगातला उत्साह या चार गोष्टी घरात एकदा मोकळेपणाने बोलल्या की तो बराचसा सुटतो.

आधी हवामान, कारण ते आपल्या हातात नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस महाराष्ट्रातून अजून पुरता माघारी गेलेला नसतो. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर गडगडाटासह सर, असं अनेकदा घडतं. कासला ते फारसं आड येत नाही. सकाळी लवकर पोचायचं, फुलं पाहायची आणि दुपारी खाली उतरायचं. फुलांचा बहर मात्र तोवर ओसरायला लागलेला असतो, तेव्हा ताजी खबर काढूनच निघावं. मालवणला खरी अडचण पाण्याखाली आहे. तारकर्लीजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते आणि पावसाळ्यात तिच्यातून आलेल्या गाळामुळे पाणी गढूळ राहतं. मासे आणि प्रवाळ पाहण्याच्या ओढीने स्कूबा करणाऱ्याचा तिथे हिरमोड होऊ शकतो. नोव्हेंबरपासून पाणी निवळत जातं. नुसतं किनाऱ्यावर बसून सोलकढी आणि सुरमई एवढंच हवं असेल, तर गढूळ पाण्याने काही बिघडत नाही.

गर्दी दोन्हीकडे असणारच. फरक इतकाच की कासला रोजच्या प्रवेशावर मर्यादा असते, त्यामुळे बुकिंगशिवाय गेलं तर परत फिरायची वेळ येऊ शकते.

खर्चाचा हिशेब पेट्रोलपासून मांडावा. पुण्याहून कास साधारण १३५ किलोमीटर, मालवण ३७५ च्या आसपास. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी धरली, तर जाऊन-येऊन कासला १८ लिटर लागतात आणि मालवणला ५०. मालवणच्या वाटेवर टोलनाकेही जास्त.

पण निर्णय बहुतेकदा चौथ्या गोष्टीवर ठरायला हवा आणि नेमका तिचाच विचार कुणी करत नाही. मालवणला जायला थांबत-थांबत नऊ तास, यायला तेवढेच. तीन दिवसांतले अठरा तास गाडीत, त्यात घाटाची वळणं आणि अनेक घरांत चालवणारा एकच. सोबत आजी असेल, लहान मूल असेल, तर मधला शनिवार थकवा काढण्यातच जातो. सोमवारी ऑफिस आहेच.

अशा घराने ऑक्टोबरात कास धरावं आणि मालवण चार-पाच दिवसांची रजा मिळेल त्या हिवाळ्यासाठी ठेवावं. दोघं आळीपाळीने चालवणारे असतील आणि गुरुवारी रात्री कोल्हापुरात मुक्काम करता येत असेल, तर गणित उलटतं. कासचं बुकिंग मिळालं नाही, तरी साताऱ्याचा बेत मोडायची गरज नाही. सज्जनगड आणि ठोसेघरचा धबधबा एकाच वाटेवर आहेत.