बँक हॉलिडे आणि महिनाअखेर: ऑटो सिंक कधी थांबवायचं, कधी नाही?

व्हिडिओमध्ये आपण बँकेचं स्टेटमेंट रोज सकाळी आपोआप हिशेबाच्या शीटमध्ये कसं आणायचं ते पाहिलं. त्यावर साहजिकच पुढचा प्रश्न येतो: "सर, बँक बंद असेल त्या दिवशी सिंक बंद ठेवलं तर चालेल का?" चालेल, पण नीट ठेवलं तर. नाहीतर पैसे बँकेत असतात आणि तुमच्या वहीत नसतात.

उदाहरण १ मेचं घेऊ. महाराष्ट्र दिनाची सुट्टी दर वर्षी एप्रिलच्या महिनाअखेरीला चिकटूनच येते.

समजा तुमचं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. सिंक रोज सकाळी ६ वाजता चालतं आणि "कालचे व्यवहार" आणतं. ३० एप्रिल २०२५, बुधवार. दिवसभरात कार्ड मशीनवर १८,४०० रुपयांची विक्री झाली. रात्री ८ वाजता एका गिऱ्हाईकाने एनईएफटीने ४२,००० रुपये पाठवले. १ मेला सुट्टी म्हणून तुम्ही सिंक बंद ठेवलं. २ मेला ते पुन्हा चाललं आणि त्याने "कालचे", म्हणजे १ मेचे व्यवहार आणले. मग ३० एप्रिलचे कोणी आणले? कोणीच नाही. ते ४२,००० शीटमध्ये कधीच येणार नाहीत, आणि पैसे देऊन मोकळ्या झालेल्या गिऱ्हाईकाला तुमच्याकडून "बाकी भरा" असा मेसेज जाईल.

म्हणून पहिला बदल हा करा. सिंकला "कालचं आण" असं सांगू नका, "मागच्या यशस्वी सिंकनंतरचं सगळं आण" असं सांगा. शीटच्या एका सेलमध्ये शेवटच्या यशस्वी सिंकची तारीख ठेवा. पुढच्या वेळी एक दिवस मागे जाऊन आणा आणि यूटीआर किंवा व्यवहार क्रमांक आधीच असेल तर ती ओळ सोडून द्या. मग एक दिवस चुकला तरी काही हरवत नाही, आणि डबल एन्ट्रीही होत नाही.

आता ते कार्डाचे १८,४००. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीतही चालतं. यूपीआयचंही तसंच. पण कार्ड मशीनचे पैसे बऱ्याच करारांमध्ये पुढच्या कामकाजाच्या दिवशी जमा होतात, म्हणजे इथे २ मेला. म्हणजे सुट्टीच्या दिवशी व्यवहार आणणं थांबवायची गरजच नाही. थांबवायचा तो निर्णय, म्हणजे "पैसे आले नाहीत" असा शिक्का मारणं आणि मेसेज पाठवणं. पैसे कधी अपेक्षित आहेत ती तारीख शीटलाच काढू द्या. ए२ मध्ये विक्रीची तारीख असेल तर:

```
=WORKDAY.INTL(A2,1,"0000001",Holidays!$A$2:$A$60)
```

यात फक्त रविवार सुट्टीचा धरलाय. दुसरा आणि चौथा शनिवार, तसंच बाकीच्या बँक सुट्ट्या `Holidays` शीटमध्ये तारखेने भरा. यादी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर मिळते, पण आपल्या राज्याची बघा. सुट्ट्या राज्यागणिक बदलतात. १ मे यादीत असेल तर उत्तर २ मे येतं. त्या दिवसाचं सिंक होऊनही पैसे नसतील तरच फोन उचला.

महिनाअखेरीचं दुखणं वेगळं आहे. अकाउंटंटने एप्रिल जुळवून सीएंना पाठवला आणि नंतर सिंकने ३० एप्रिलच्या तारखेची एक ओळ गुपचूप आत टाकली, की दोघांचे आकडे वेगळे. म्हणून ३० तारखेच्या रात्रीपासून मुख्य वहीत लिहिणारं सिंक थांबवा. २ मेला सकाळी ते हाताने एकदा चालवा. बँक स्टेटमेंटमधली ३० एप्रिलची शिल्लक आणि वहीतली शिल्लक ताडून पाहा. फरक आला तर आधी तो शोधा. कार्डाचे १८,४०० त्या दिवशी बँकेत नव्हतेच, म्हणून ते "मशीन कंपनीकडून येणे" असे दिसले पाहिजेत, गिऱ्हाईकाच्या नावावर नाही. जुळलं की एप्रिल लॉक करा आणि मगच सिंक चालू करा. लॉकनंतर एप्रिलच्या तारखेचं काही आलं, तर ते वहीत न जाता "तपासणी" नावाच्या वेगळ्या शीटवर जाऊ द्या.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. ही थांबवाथांबवी फक्त पैशांच्या सिंकची आहे. ऑनलाइन दुकानाचा स्टॉक आणि ऑर्डर यांचं सिंक कधी थांबवू नका. सुट्टीलाच लोक जास्त खरेदी करतात, आणि संपलेला माल विकला गेला तर नाव तुमचंच जातं. दुसरं, थांबवलेलं सिंक पुन्हा चालू करायची आठवण फोनमध्ये लावा. दर महिन्याला जीएसटीआर-१ भरत असाल तर ११ तारीख डोक्यावर असते, आणि १० तारखेला उघडलेल्या वहीत दहा दिवसांचा गुंता सोडवत बसावं लागतं.

आज एवढंच करा: तुमचं सिंक "कालचं" आणतं की "मागच्या वेळेनंतरचं", ते उघडून बघा.