वजन एकाचं, रेटा दोन्ही भिंतींना

सपाट तळाची, उभ्या भिंतींची, वरून उघडी पन्हळ घ्या. रुंदी 36 सेंटीमीटर. तिच्यात 10 सेंटीमीटर त्रिज्येचे, प्रत्येकी 60 न्यूटन वजनाचे दोन गुळगुळीत गोळे आहेत. खालचा तळावर डाव्या भिंतीला टेकलाय. वरचा त्याच्यावर कलून उजव्या भिंतीला.

गुळगुळीत म्हणजे घर्षण नाही. त्यामुळे प्रत्येक बल स्पर्शाच्या पृष्ठभागाला काटकोनात असतं आणि गोळ्याच्या केंद्रातून जातं. दोन केंद्रांतलं अंतर 20, आडवं अंतर 36 वजा 20 म्हणजे 16, म्हणून उभं अंतर 12.

सुरुवात वरच्या गोळ्यापासून करावी, कारण त्याच्यावर अनोळखी बलं दोनच आहेत. उजवी भिंत फक्त आडवी ढकलते. वजन पेलायचं काम एकट्या खालच्या गोळ्याचं. त्याच्या तिरक्या रेट्याचा 12/20 भागच वर लागू पडतो, म्हणून तो रेटा 60 नव्हे, 100 न्यूटन असावा लागतो. नेमकी इथेच मुलं चुकतात. त्याचा आडवा भाग 80 न्यूटन. तेवढाच उजव्या भिंतीचा रेटा, आणि डाव्या भिंतीचाही.

आता दोन्ही गोळे एकत्र धरून पडताळा घ्या: तळावर 120 न्यूटन, म्हणजे एकूण वजन. भिंतींचे रेटे एकमेकांना छेद देतात.

पन्हळ 39 सेंटीमीटर केली, तर वरचा गोळा खाली सरकतो आणि भिंतीवरचा रेटा सुमारे 183 न्यूटनवर जातो. रुंदी 40 झाली, की दोन्ही गोळे तळावर शेजारी बसतात आणि हे गणित लागू राहत नाही.