समुद्रात बेपत्ता झालेला माणूस : कायदा सात वर्षे कधी मोजतो आणि कधी मोजत नाही



जेटीवर एक वाक्य नेहमी ऐकू येते : "बॉडी मिळाली नाही ना, मग आता सात वर्षे काहीच होत नाही." या एका समजुतीमुळे बरीच घरे हातावर हात ठेवून बसतात, आणि जे कागद पहिल्या आठवड्यात सहज मिळाले असते ते पुढे कधीच मिळत नाहीत. म्हणून हा सात वर्षांचा नियम नेमका काय आहे, ते आज साध्या भाषेत पाहू.

हा नियम पुराव्याच्या कायद्यातला आहे. पूर्वी तो १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०८ म्हणून होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम १११ मध्ये आहे. अर्थ तोच राहिला. माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर आपसूक मिळाली असती, त्या लोकांना सात वर्षे काहीच खबर नसेल, तर "तो जिवंत आहे" हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. म्हणजे ज्यांच्याकडे मृत्यूचा काहीच पुरावा नाही, त्यांच्यासाठी कायद्याने दिलेला हा आधार आहे. पुरावा असलेल्यांनीही सात वर्षे थांबलेच पाहिजे, असे हे कलम म्हणत नाही.

फरक कळावा म्हणून दोन काल्पनिक प्रसंग घेऊ.

पहिला प्रसंग. ऑगस्टमध्ये बंदी उठल्यावर ट्रॉलर बाहेर पडला. रात्री जाळे ओढताना मोठी लाट आली आणि एक खलाशी पाण्यात पडला. तांडेलाने आणि दुसऱ्या एका खलाशाने ते डोळ्यांनी पाहिले. त्यांनी व्हीएचएफवर लगेच आजूबाजूच्या बोटींना कळवले, तटरक्षक दलाला १५५४ वर खबर दिली. दोन दिवस शोध झाला, देह मिळाला नाही. इथे प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार आहेत, वेळ आहे, जागा आहे, शोधाची नोंद आहे. अशा वेळी कुटुंब दिवाणी न्यायालयात दावा लावून, 'अमुक दिवशी या अपघातात मृत्यू झाला' असे जाहीर करून मागू शकते. न्यायालय पुरावा तोलते. पुरावा पटला तर देह नसतानाही मृत्यू सिद्ध धरता येतो आणि तारीखही ठरते.

दुसरा प्रसंग. एक जण पहाटे एकटाच होडी घेऊन गेला. संध्याकाळी होडी रिकामी वाहताना सापडली, जाळे अर्धे आत, अर्धे पाण्यात. पाहणारा कोणी नाही. हवामान बरे होते. घरच्यांची खात्री आहे, पण न्यायालयासमोर फक्त परिस्थिती आहे. ती पुरेशी ठरेल की नाही हे त्या त्या पुराव्यावर अवलंबून. पुरेशी ठरली नाही, तर सात वर्षांच्या कलमाचा आधार घ्यावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि इथेच घरे फसतात. सात वर्षे झाली की माणूस मरण पावला असे धरता येते. पण कधी मरण पावला, हे धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या निकालात हे स्पष्ट सांगितले. नवरा बेपत्ता होता, विम्याचे हप्ते थांबले होते आणि सात वर्षांनंतर पत्नीने दावा केला. बेपत्ता झाला त्याच दिवशी मृत्यू झाला असे आपोआप धरता येत नाही आणि सात वर्षे पुरी झाली त्या दिवशी झाला असेही नाही, तारीख हवी असेल तर ती पुराव्याने सिद्ध करावी लागते, असे न्यायालयाने म्हटले. हप्ते न भरल्याने पॉलिसी बंद पडली होती, त्यामुळे दावा टिकला नाही.

हे आपल्या दुसऱ्या प्रसंगाला लावून पाहा. समजा त्या माणसाची जीवन विमा पॉलिसी आहे आणि हप्ता दर मार्चला असतो. तो ऑगस्टमध्ये बेपत्ता झाला. "आता माणूसच नाही, हप्ता कशाला" म्हणून घरच्यांनी पुढच्या मार्चचा हप्ता भरला नाही. सात वर्षांनी दावा केला, तर कंपनी विचारू शकते की पॉलिसी चालू असताना मृत्यू झाला याचा पुरावा काय? ऑगस्टची तारीख सिद्ध करता आली नाही, तर अडचण येते. हप्ते चालू असते, तर हा प्रश्नच आला नसता. म्हणून माणूस बेपत्ता झाल्यावर पॉलिसीचे कागद पेटीत ठेवून द्यायचे नसतात. कंपनीला घटनेची लेखी खबर लगेच द्यायची आणि हप्त्याचे काय करायचे हे जाणकाराला विचारूनच ठरवायचे. काही अपघात विमा पॉलिसींमध्ये बेपत्ता होण्याबद्दल वेगळी अट असते, तीही वाचून घ्यावी. मत्स्य संपदा योजनेखालच्या गट अपघात विम्यात मृत्यूसाठी ५ लाख रुपये आहेत, पण तिथेही मृत्यूचा कागद मागितला जातोच.

मग हे कागद येतात कुठून? बहुतेक सगळे पहिल्या काही दिवसांत तयार होतात. किनारी पोलीस ठाण्यातली बेपत्ता नोंद आणि तिची प्रत. बोटीवर त्या दिवशी कोण कोण होते त्याची यादी. तांडेल आणि खलाशांचे जबाब, आठवण ताजी असतानाच. खलाशी परराज्यातले असतील तर हंगाम संपला की गावी जातात, मग शोधायचे कुठे? तटरक्षक दलाने आणि मत्स्य खात्याने शोध घेतल्याची पत्रे. होडी किंवा सामान सापडले असेल तर त्याचा पंचनामा. आणि शोध लागला नाही, असे पोलिसांनी पुढे दिलेले लेखी उत्तर. बोटमालकांनी यादी नीट ठेवली नाही, तर त्या रात्री माणूस बोटीवर होता हेच सिद्ध करणे खलाशाच्या घरच्यांना जड जाते.

एक गोष्ट वेगळी. मोठ्या आपत्तीत सरकार कधी कधी खास पद्धत आखते आणि सात वर्षे न थांबता बेपत्तांच्या मृत्यूची नोंद होते. उत्तराखंडात २०१३ च्या महापुरानंतर आणि २०२१ च्या चमोली दुर्घटनेनंतर तसे झाले. पण ती सवलत त्या त्या आपत्तीपुरती असते. एकट्या बोटीच्या अपघाताला ती आपोआप लागत नाही. पोलीस ठाणे किंवा पंचायत स्वतःहून 'मृत' ठरवत नाही, त्यासाठी बहुधा न्यायालयाचा हुकूम लागतो.

ही माहिती सर्वांसाठी, सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमच्या घरातल्या प्रकरणाला ती जशीच्या तशी लागू होईल असे धरू नका, कारण एक साक्षीदार किंवा एक तारीख बदलली की उत्तर बदलते. तुमचे कागद पाहून सल्ला द्यायचे काम तुमच्या वकिलाचे. वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत मदत मिळू शकते. फोन नंबर १५१००. जाताना वर सांगितलेल्या कागदांपैकी जे हाताशी असतील ते सोबत न्या, आणि मूळ प्रती कुणाकडेही सोडून येऊ नका.