पहिल्या ओळीत कोण?

शीतगृहाचं तापमान नोंदवणारी यंत्रं विकणारा नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला ईमेल लिहितो: ‘आम्ही या क्षेत्रात अग्रगण्य आहोत. आम्ही अद्ययावत सेवा देतो.’ वाचणारा इथंच थांबतो. ‘तुम्हाला आमची सेवा नक्की आवडेल’ असं केलं तरी विषय विक्रेताच राहतो. त्याऐवजी हे पाहा: ‘फेब्रुवारीत कंटेनर लागोपाठ भरताना तुमच्याकडे रात्री प्रीकूलिंगचं तापमान चढलं, तर ते सकाळीच कळतं का? आमचं यंत्र लगेच फोनवर कळवतं.’ स्वतःचा उल्लेख एकदाच, तोही शेवटी. तो पूर्ण गाळला, तर पत्र कोणाचं तेच समजत नाही. मात्र ‘तुमचं तापमानाकडे लक्ष नसतं’ असं लिहिलं, की तो आरोप झाला. आतली माहिती नसताना प्रश्नच विचारलेला बरा.